मॅम, फेजचे चार मार्क का गेले?

मेल रात्री साडेअकराला आला. सब्जेक्ट लाइनमध्ये फक्त "स्टँडिंग वेव्ह, प्रश्न ३ क" एवढंच. मुलगा फर्स्ट इयरचा, बडोद्याच्या दांडिया बाजारातला, घरी मराठी आणि बाहेर गुजराती, आणि मी मराठी आहे हे त्याला गणपतीच्या वेळी कळलेलं, म्हणून मेल मराठीत. असा होता:

"नमस्कार मॅम, मराठीत लिहिलं तर चालेल ना? इंटर्नलमध्ये मला प्रश्न ३ मध्ये ८ पैकी ४ मिळालेत. अ आणि ब चे पूर्ण आहेत, क मध्ये शून्य. तुम्ही बाजूला लिहिलंय की हे ट्रॅव्हलिंग वेव्हचं सूत्र आहे. पण मॅम, फेज डिफरन्स इज इक्वल टू टू पाय बाय लॅम्डा इन्टू पाथ डिफरन्स हे सूत्र तर बारावीपासून आहे, पुस्तकात आहे, कोचिंगमध्ये पण हेच करून घेतलं. स्टँडिंग वेव्ह दोन ट्रॅव्हलिंग वेव्हनीच बनते ना? मग त्या दोघींना जे सूत्र लागतं ते त्यांच्या बेरजेला का नाही लागणार? आणि मी प्रॅक्टिकलला स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला होता, त्यात लूप तिरका होत जाताना दिसतो, म्हणजे फेज बदलतेच आहे. व्हिडिओ जोडलाय. मार्क नाही वाढवले तरी चालेल पण कारण सांगा."

मला हा मेल फार आवडला. मार्कांचे मेल बरेच येतात, बहुतेकांत "प्लीज चेक वन्स" यापलीकडे काही नसतं. इथे मात्र एक खरा प्रश्न आहे, एक पुरावा जोडलेला आहे, आणि तो प्रश्न असा की त्याचं उत्तर दोन ओळींत देऊन सुटका होत नाही. म्हणून इथे जरा सावकाश लिहिते, कारण हीच गोष्ट त्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी लिहिली होती आणि दर वर्षी लिहितात.

आधी प्रश्न काय होता ते सांगते. 1.2 मीटर लांबीची तार, दोन्ही टोकं घट्ट, त्यातलं एक पुलीकडचं, तिसऱ्या हार्मोनिकमध्ये 60 हर्ट्झला कंप पावते. अ भागात तरंगलांबी आणि वेग काढायचा. तीन लूप 1.2 मीटरमध्ये बसले, म्हणजे एक लूप 0.4, तरंगलांबी 0.8 मीटर, वेग 48 मीटर प्रति सेकंद. ब भागात आकृती काढून नोड, म्हणजे तारेवरचे न हलणारे बिंदू, दाखवायचे, ते पुलीकडच्या टोकापासून 0, 0.4, 0.8 आणि 1.2 मीटरवर. आणि क भागात, पुलीकडच्या टोकापासून 0.1, 0.3 आणि 0.5 मीटरवर पी, क्यू, आर असे तीन बिंदू. पी आणि क्यू मधला फेजचा फरक किती, म्हणजे कंपनात एक दुसऱ्यापेक्षा किती मागे किंवा पुढे, क्यू आणि आर मधला किती, कारणासकट सांगा.

अंतरं मुद्दाम सारखी ठेवली होती. पी ते क्यू 20 सेंटीमीटर, क्यू ते आर पण 20 सेंटीमीटर. सूत्रात घातलं की दोन्हीकडे 90 अंश येतात, आणि त्यानं दोन्हीकडे 90 लिहिलं होतं. खरं उत्तर पी-क्यूसाठी 0 आणि क्यू-आरसाठी 180.

आता गंमत बघा, त्याच्या ब भागातली आकृती मी पेपर परत काढून बघितली. छान काढलीय, पट्टीनं मधली रेघ, पहिला लूप रेघेच्या वर, दुसरा खाली, तिसरा वर, आणि अर्ध्या पिरियडनंतरचा आकार तुटक रेघेनं. पी आणि क्यू दोन्ही पहिल्या लूपवर, दोन्ही वर, आणि त्यातून दोन्ही अगदी सारख्याच उंचीवर. आर दुसऱ्या लूपवर, तेवढाच खाली. तुटक रेघ बघितली तर पी-क्यू दोघं खाली गेलेत आणि आर वर आलाय. म्हणजे क भागाचं पूर्ण उत्तर त्यानं स्वतःच्या हातानं ब भागात काढून ठेवलं होतं आणि पान उलटून दुसरंच लिहिलं. हे सूत्राच्या सवयीमुळे होतं असं मला वाटतं, कारण "फेज डिफरन्स" हे दोन शब्द दिसले की हात आपोआप टू पाय बाय लॅम्डाकडे जातो, आकृतीकडे जात नाही.

तर मुळात ते सूत्र येतं कुठून? पुढे सरकणारी लाट घ्या. तिच्यात एक बिंदू जे करतो तेच पुढचा बिंदू थोड्या वेळानं करतो. किती वेळानं, तर लाटेला तिथपर्यंत पोचायला जितका वेळ लागतो तितक्या वेळानं. आपल्या तारेवर 0.2 मीटर, 48 च्या वेगानं, म्हणजे सुमारे 4.2 मिलिसेकंद. 60 हर्ट्झचा पिरियड 16.7 मिलिसेकंद, त्याचा हा बरोब्बर चौथा हिस्सा, म्हणून 90 अंश. सूत्राचा सगळा जीव या उशिरात आहे. टू पाय बाय लॅम्डा म्हणजे दुसरं काही नाही, उशीर कोनात मोजायची ती पद्धत.

स्टँडिंग वेव्हमध्ये हा उशीरच नाही. सूत्र लिहून बघा:

y = 2A sin(kx) cos(ωt)

k म्हणजे तेच टू पाय बाय लॅम्डा. x वेगळ्या कंसात आहे आणि t वेगळ्या कंसात. वेळेचा भाग, म्हणजे cos(ωt), तारेवरच्या प्रत्येक बिंदूला एकच आहे. तो शून्य झाला की सगळी तार एकाच क्षणी सरळ होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका पिरियडमध्ये दोनदा, म्हणजे आपल्या तारेची सेकंदाला 120 वेळा. आमच्या बडोद्याच्या गरब्यात मोठ्या रिंगणातली हजारो माणसं एकाच ठेक्यावर टाळी देतात, पुढच्याची आधी आणि मागच्याची नंतर असं होत नाही, तसं हे आहे. फेज तपासायची सगळ्यात सोपी युक्ती पण यातच आहे: दोन बिंदू तारेची मधली रेघ कधी ओलांडतात ते विचारायचं. एकाच क्षणी ओलांडत असतील तर फरक एकतर 0 नाहीतर 180, तिसरा पर्यायच नाही. आणि दोघांतला कुठला हे ठरवायला ओलांडताना दोघं एकाच दिशेला जातायत की उलट दिशेला एवढं बघायचं.

x चा भाग, sin(kx), फक्त कोण किती हलणार ते सांगतो. पी वर तो 0.707, क्यू वर पण 0.707, आर वर उणे 0.707. समजा अँटीनोडला, म्हणजे लूपच्या मध्यावर, तार 6 मिलीमीटर हलते, तर पी, क्यू, आर तिघंही साधारण 4.2 मिलीमीटर हलतात. काही पोरं आरचा अँप्लिट्यूड उणे 4.2 असा लिहितात. अँप्लिट्यूड उणा नसतो. ते उणे चिन्ह जातं कुठे तर फेजमध्ये, त्याचेच 180 अंश होतात. नोड ओलांडला की sin(kx) चं चिन्ह बदलतं, म्हणून नोडच्या अलीकडच्या लूपमधले सगळे एका फेजमध्ये आणि पलीकडच्या लूपमधले सगळे बरोबर उलट.

इथपर्यंतचं उत्तर कुठल्याही पुस्तकात सापडेल, आणि मी एवढंच लिहून पाठवलं असतं तर त्याला ते पटलं असतं की नाही कोण जाणे, कारण त्याचा खरा प्रश्न हा नव्हताच. त्याचा प्रश्न होता की दोघींना जे सूत्र लागतं ते बेरजेला का लागत नाही. आणि दुसरं म्हणजे व्हिडिओ. व्हिडिओचं आधी बघू, कारण डोळ्यांनी बघितलेलं खोटं आहे असं नुसतं सांगून कोणाला पटत नाही, पटायलाही नको.

व्हिडिओ मी चार-पाच वेळा बघितला. आमच्या लॅबमध्ये मेल्डेचा प्रयोग असतो, फ्रान्झ मेल्डे नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात केलेला. पूर्वी विजेवर चालणारा ट्युनिंग फोर्क असायचा, आता सिग्नल जनरेटर आणि व्हायब्रेटर, त्याला बांधलेला पांढरा दोरा, दुसऱ्या टोकाला पुली, पुलीखाली लोंबणारं पारडं आणि त्यात वजनं. दोरा मीटरला अर्धा ग्रॅम असेल तर 48 चा वेग यायला सुमारे 118 ग्रॅम लागतात. परीक्षेतला प्रश्न या मांडणीवरूनच बेतलेला. तर व्हिडिओत दोरा आडवा दिसतोय आणि फोन उभा धरलाय, सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो मोशन. आणि खरंच, लूप वरखाली होताना एका बाजूनं आधी आणि दुसऱ्या बाजूनं नंतर झाल्यासारखा दिसतो. पोरगा उगीच काही लिहीत नव्हता.

पण फोनचा कॅमेरा पूर्ण फ्रेम एका क्षणी टिपत नाही. सेन्सर ओळीमागून ओळ वाचत जातो, त्याला रोलिंग शटर म्हणतात. बहुतेक फोनांत या ओळी फोनच्या लांब बाजूला समांतर असतात. म्हणजे फोन आडवा धरला तर आडवा दोरा एकाच ओळीत, फार तर शेजारच्या थोड्याशा ओळींत बसतो आणि जवळजवळ एकाच क्षणी टिपला जातो. फोन उभा धरला की त्या ओळी उभ्या होतात आणि दोरा डावीकडून उजवीकडे हळूहळू वाचला जातो, डावं टोक आधीचं, उजवं टोक नंतरचं. तारेत नसलेला उशीर कॅमेरा आपल्या पदरचा घालतो. एका फ्रेमला फार तर सेकंदाचा 240वा भाग मिळतो, म्हणजे 4.2 मिलिसेकंद, तेवढ्यात 60 हर्ट्झची तार पाव पिरियड पुढे जाते. म्हणून अख्ख्या 1.2 मीटरवर जास्तीत जास्त 90 अंशांचा खोटा फरक पडू शकतो, आणि पी-क्यू तर त्याचा सहावा भाग, म्हणजे फार तर 15 अंश. त्याच्या सूत्राला पी-क्यूमध्येच 90 हवे होते. म्हणजे व्हिडिओ त्याच्या बाजूनं साक्ष देतोय असं वाटतं पण आकडा मांडला की तो त्याच्याही बाजूचा राहत नाही.

खरं आणि खोटं ओळखायचं कसं, तर फोन फिरवून. तारेतली गोष्ट असेल तर फोन कसाही धरा, ती तशीच दिसणार. कॅमेऱ्याची असेल तर फोन आडवा केला की निघून जाणार.

मी त्याला एवढं लिहून कळवलं की शुक्रवारी प्रॅक्टिकल संपल्यावर थांब, फोन घेऊन ये. आला, बरोबर त्याची लॅब पार्टनर पण आली, तिचेही तेच चार मार्क गेले होते. आम्ही दोऱ्यावर पुलीकडून 10, 30 आणि 50 सेंटीमीटरवर मार्करनं तीन काळे ठिपके केले. पारड्यात वजन घातलं, फ्रिक्वेन्सी फिरवत फिरवत तीन लूप पूर्ण फुलेपर्यंत आणली. साध्या डोळ्यांना काय दिसतं, तर तीन पांढरट धूसर लूप, वरची कडा आणि खालची कडा दोन्ही एकदम. कोण वर आणि कोण खाली हे कळायला काही मार्गच नाही, सेकंदाला 60 वेळा होणारी हालचाल डोळा एकत्र करून दाखवतो. मला तर वाटतं चुकीचं खरं मूळ इथे आहे. पोरं लॅबमध्ये तासभर स्टँडिंग वेव्ह बघतात पण तिची फेज त्यांना एकदाही दिसत नाही, नोड दिसतात, लूप दिसतात, मोजपट्टीनं अंतर मोजतात, जर्नल लिहितात, सही घेतात, संपलं.

मग दिवे बंद केले आणि स्ट्रोबोस्कोप लावला. तो सेकंदाला बरोबर 60 वेळा चमकला तर तार गोठल्यासारखी उभी राहते. आम्ही 59.5 वर ठेवला, तर प्रत्येक चमकेला तार आधीपेक्षा किंचित पुढे गेलेली असते आणि सगळी हालचाल दोन सेकंदाला एक फेरी अशी संथ दिसायला लागते. आणि तेव्हा ते दिसलं. पहिले दोन ठिपके बरोबर वर चढतायत, बरोबर थांबतायत, बरोबर उतरतायत, आणि तिसरा त्याच वेळी उलटा. मधे एक क्षण अख्खा दोरा सरळ रेघ होतो आणि तिन्ही ठिपके एका ओळीत येतात. त्याच्या सूत्राप्रमाणे असतं तर क्यू सगळ्यात वर पोचल्यानंतर अर्ध्या सेकंदानं पी पोचायला हवा होता. अर्धा सेकंद म्हणजे किती मोठा असतो ते अंधारात चमकणाऱ्या दोऱ्याकडे बघताना कळतं, तो लपूच शकत नाही. ती पार्टनर एकदम म्हणाली, "अगं बाई, हे तर एकत्रच जातायत," आणि तो काही न बोलता खाली वाकून पुलीकडे बघत बसला होता.

फोन आडवा धरून पण व्हिडिओ काढला, स्ट्रोब बंद करून आणि खिडकीतून ऊन येत होतं त्यात. तिरकेपणा गेला.

आता त्याचा मुख्य प्रश्न. तो म्हणाला, "मॅम दिसलं, पण तरी दोन्ही लाटांत प्रत्येकी 90 अंश आहेतच ना? मग ते जातात कुठे?" याच्यावर मी त्याला फळ्यावर जे करून दाखवलं ते मला स्वतःला या सगळ्यात सगळ्यात मोलाचं वाटतं.

पुलीकडे जाणाऱ्या लाटेचा अँप्लिट्यूड A धरा, पुलीवरून परतणारीचा B. आदर्श प्रश्नात A आणि B सारखे, कारण टोक पूर्ण घट्ट आणि लाट पूर्णच्या पूर्ण परतते. पण ते सारखे नसतील तर? बेरीज केली, त्यातून फेज φ काढली, तर x पुलीपासून मोजल्यास असं येतं:

tan φ = ((A + B)/(A − B)) tan(kx)

या एका ओळीत दोन्ही उत्तरं आहेत. B शून्य करा, म्हणजे परतणारी लाट नाहीच, तर कंसातला भाग 1 होतो आणि φ म्हणजे kx. हेच त्याचं सूत्र. पी-क्यू 90, क्यू-आर 90. आता परतणारी लाट अर्धी धरा, B म्हणजे 0.5A. कंसातला भाग 3. पी वर kx 45 अंश, त्याचा टॅन 1, म्हणून φ चा टॅन 3, म्हणजे सुमारे 71.6 अंश. क्यू वर 108.4. फरक 37 अंश उरला. आणि क्यू-आरमध्ये किती, तर 143. परतणारी लाट नव्वद टक्के धरली तर कंसातला भाग 19 होतो, पी-क्यू 6 अंश आणि क्यू-आर 174. आणि B अगदी A इतका झाला की 0 आणि 180.

बेरीज बघा, 90 आणि 90, 37 आणि 143, 6 आणि 174, 0 आणि 180. दर वेळी 180. पी पासून आर पर्यंत अर्धी तरंगलांबी आहे आणि अर्ध्या तरंगलांबीला 180 अंश हे त्याच्या सूत्रातलं सत्य शेवटपर्यंत टिकतं. बदलतं काय तर ते 180 अंश कुठे खर्च होतात ते. एकटी लाट असेल तर ते वाटेत सगळीकडे सारखे वाटलेले असतात. परतणारी लाट जसजशी मोठी होते तसतसे लूपमधले अंश कमी होत जातात आणि सगळे नोडजवळ गोळा होतात. पूर्ण परतली की लूपमध्ये काहीच उरत नाही आणि नोडवर एकदम 180 ची उडी. जिथे तार हलतच नाही तिथे उडी, म्हणून ती उडी तारेला मोडत नाही, हे पण नीट जुळतं.

म्हणजे "दोघींना लागतं ते बेरजेला का नाही" याचं उत्तर असं की फेज ही बेरजेत बेरजेनं येत नाही. अंतरं मिळवता येतात, y मिळवता येतो, दोन फेज मिळवता येत नाहीत आणि त्यांची सरासरी पण काढता येत नाही. एका लाटेत क्यू आधी आणि पी 90 अंश मागे, दुसरीत पी आधी आणि क्यू 90 अंश मागे, दोघींचा जोर सारखा असला की कोणीच पुढे नाही आणि कोणीच मागे नाही. त्यानं लिहिलेले 90 हे दोनपैकी एकाच लाटेचं उत्तर आहे, आणि कुठल्या लाटेचं हे त्याच्या पेपरात नाही. त्यानं चिन्ह लिहिलंच नव्हतं. लिहायला गेला असता तर अडला असता, कारण पी पुढे की क्यू पुढे हे ठरवायला लाट कुठल्या दिशेला जातेय ते लागतं, आणि इथे ती दोन्ही दिशांना जातेय. मला वाटतं फेजचा फरक विचारला की नुसता आकडा न लिहिता कोण पुढे आहे ते पण लिहायची सवय पहिल्या वर्षापासून लावायला हवी, चूक तिथल्या तिथे उघडी पडते.

मग तो म्हणाला, आपल्या लॅबमधला दोरा पण काही आदर्श नाही ना मॅम, पुली थोडी हलते, पुलीवर ऊर्जा जाते. बरोबर आहे. म्हणूनच खऱ्या दोऱ्यावर नोड पूर्ण स्थिर नसतो, नीट बघितलं तर किंचित थरथरतो. B नव्वद टक्के असेल तर अँटीनोडला 1.9A आणि नोडला 0.1A, दोघांचं गुणोत्तर 19. हाच तो मघाचा कंसातला आकडा. मायक्रोवेव्हच्या प्रॅक्टिकलमध्ये याच गुणोत्तराला स्टँडिंग वेव्ह रेशो म्हणतात, स्लॉटेड लाइनवर प्रोब सरकवत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी रीडिंग घेतात ते हेच, आणि त्यावरून पलीकडच्या टोकाला किती परततंय ते काढतात. म्हणजे नोड किती थरथरतो ते मोजलं की लूपमध्ये फेज किती सरकत असणार ते न बघता सांगता येतं. स्ट्रोबखाली पी-क्यूमधले 6 अंश आम्हाला दिसले नसतेच, दोन सेकंदाच्या फेरीत ते सेकंदाचा तिसावा भाग होतात. दोऱ्याला दुसरी एक अडचण पण आहे. व्हायब्रेटरचं टोक स्वतः हलतं, त्यामुळे तिकडचा नोड बरोब्बर टोकावर पडत नाही. म्हणून आम्ही अंतरं पुलीकडून मोजतो, आणि लूपची लांबी मोजायची तर व्हायब्रेटरजवळचा लूप सोडून द्यावा हे मी प्रत्येक बॅचला सांगते.

नोडमधून फेज जाते कशी हे त्याला अजून हवं होतं, तर तोही हिशोब तिथेच केला. 19 च्या गुणोत्तरात नोडच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटीमीटर घेतला तर त्या एका सेंटीमीटरमध्ये सुमारे 73 अंश निघून जातात, आणि लूपच्या मधल्या पूर्ण 20 सेंटीमीटरमध्ये फक्त 6. पुलीकडे जी काही ऊर्जा जाते, म्हणजे येणाऱ्या लाटेच्या 19 टक्के, ती पण या अरुंद थरथरत्या जागेतूनच जाते. नोड पूर्ण स्थिर असता तर तिच्यातून पलीकडे काहीच गेलं नसतं.

मार्कांचं सांगायचं राहिलं. मी वाढवले नाहीत. क भागात कारण मागितलं होतं आणि कारण म्हणून लिहिलेलं सूत्र इथे लागू नव्हतं, दोन्ही जोड्यांना सारखं उत्तर देऊन आकृतीशी पण विसंगत होतं, त्याला अर्धे मार्क दिले तर ज्या पोरांनी आकृती बघून 0 आणि 180 लिहिलं त्यांच्यावर अन्याय. हे त्याला स्पष्ट लिहिलं. त्याचं उत्तर आलं, "ओके मॅम", आणि खाली एका आलेखाचा फोटो. ग्राफ पेपरवर आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर फेज, आणि चार रंगांत चार रेघा. पेन्सिलची B शून्यची, एकदम सरळ तिरकी. हिरवी अर्ध्याची, जराशी नागमोडी. निळी नव्वद टक्क्यांची, जवळपास जिना झालेली. आणि लाल रेघ B बरोबर A ची, पायऱ्या अगदी काटकोनात. चारही रेघा 0.2 वर आणि 0.4 वर एकमेकींना छेदतात हे त्याला आपोआप सापडलं आणि त्यानं तिथे बाणानं "का?" असं लिहिलं होतं. अँटीनोडला आणि नोडला tan(kx) अनंत किंवा शून्य होतो, मग समोर 3 असो की 19, φ तोच राहतो, एवढं त्याला कळवलं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या सरांना पण मी सुचवलंय की पुढच्या बॅचला क भागात आधी "पी, क्यू आणि आर हे बिंदू तारेची मधली रेघ कोणत्या क्षणी ओलांडतात?" हे विचारा आणि फेज त्याच्यानंतर. सर म्हणाले बघू, प्रश्न लांबतो. मी म्हटलं मग अ भागातला वेग काढून टाका, तो सगळ्यांनाच येतो.